लिंक्डइनवर आठवड्यातून दोन-तीनदा: फाउंड्रीतल्या क्वालिटीवाल्याच्या नोंदी

3 जून 2025

सुरुवातीलाच हेतू लिहून ठेवतो, म्हणजे नंतर भलतीकडे वाहवायला नको. मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. काम मुख्यतः एसजी आयर्नच्या, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं अशा ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगचं. पुढची नोकरी मला पुण्याकडे हवी आहे, एखाद्या वाहन कंपनीच्या किंवा तिच्या मोठ्या पुरवठादाराच्या कास्टिंग डेव्हलपमेंटला किंवा सप्लायर क्वालिटीला. तिथली माणसं ऑडिटला येतात तेव्हा आमच्या कंपनीचं नाव त्यांच्या लक्षात राहतं, माझं नाही.

पुण्यात मावसबहीण ताई वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांसाठी माणसं शोधून देते. तिला फोन केला. ती म्हणाली, "तुला हजार लाईक घेऊन काय करायचंय? तुझ्या कामाची निवड करणारी माणसं महाराष्ट्रात फार तर शे-दीडशे असतील. त्यातल्या तीस-चाळीस जणांना तुझं नाव आणि तुझं काम एकत्र आठवलं, की बास."

त्यावरून प्रकल्प ठरला. आठवड्याला दोन कॉमेंट, आणि सांगण्यासारखं काही असेल त्या आठवड्यात एक पोस्ट. मोजायचं ते एकच: प्रोफाइल उघडून कोण बघतंय.

5 जून

लिहायला बसण्याआधी प्रोफाइल नीट करायला हवं, हे ताईचं पहिलं सांगणं. कारण साधं आहे. मी कुठेही कॉमेंट केली की माझ्या नावाखाली हेडलाइनचे पहिले काही शब्द दिसतात आणि बाकीचे कापले जातात. हेडलाइन 220 अक्षरांची करता येते, पण मोबाइलवर कॉमेंट वाचणाऱ्याच्या नजरेला पडतात ते सुरुवातीचे चार-पाच शब्द. माझ्या हेडलाइनची सुरुवात कंपनीच्या नावाने होती आणि त्यानंतर "ऑफिसर" हे पद. यावरून मी हिशेबनीस आहे की सुरक्षारक्षकांचा प्रमुख, हेही कळत नव्हतं.

नवी हेडलाइन: "एसजी आयर्न कास्टिंग क्वालिटी | वाळू, कोअर आणि वितळणातले दोष | कोल्हापूर". प्रत्यक्षात इंग्रजीत आहे, कारण शोधणारे इंग्रजीत शोधतात.

ताईने दुसरी गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती. तिच्यासारखे लोक भरतीच्या साधनात पदनाम, कौशल्य आणि गाव टाकून शोधतात. कंपनीतलं अंतर्गत पदनाम त्या शोधात कुणीच टाकत नाही. म्हणून अनुभवाच्या रकान्यातही "क्वालिटी इंजिनिअर, कास्टिंग" असं लिहिलं. पद वाढवलेलं नाही, काम काय आहे तेवढंच सांगितलं आहे. कौशल्यांमध्ये हिनं-तिनं टाकलेलं "टीमवर्क" वगैरे खाली ढकललं आणि एसजी आयर्न, ग्रीन सँड, डिफेक्ट ॲनालिसिस वर घेतलं.

नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवली. फोटोभोवतीची हिरवी पट्टी नको. केवळ भरतीवाल्यांना दाखवतानाही आपल्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ती पूर्णपणे लपेल याची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही, हे लक्षात ठेवून ती सुरू केली आहे. आमच्या एचआरला भरतीचं महागडं साधन परवडत नाही, हा त्यातला दिलासा.

8 जून

यादी केली. वाहन कंपन्यांचे कास्टिंग सोर्सिंगवाले, सप्लायर क्वालिटीवाले, दोन-तीन कोअर बाइंडर आणि इनॉक्युलंट विकणाऱ्या कंपन्यांचे तांत्रिक लोक, कोइम्बतूर आणि बेळगावकडचे काही फाउंड्रीवाले. सगळ्यांना फॉलो केलं. कनेक्शनची विनंती मात्र पाठवली नाही, ओळख नसताना ती पाठवली की दारावर उभ्या असलेल्या विक्रेत्यासारखं वाटतं. यातले जे खरोखर स्वतः लिहितात अशा मोजक्यांच्या प्रोफाइलवरची घंटा दाबून ठेवली, म्हणजे त्यांनी लिहिलं की मला कळेल. फीड चाळत बसायची गरज नाही.

विक्रेत्यांचे तांत्रिक लोक यादीत मुद्दाम घेतले. त्यांच्या पोस्टखाली ग्राहक, म्हणजे फाउंड्रीवाले आणि वाहन कंपन्यांचे लोक, दोघेही येऊन वाचतात. एका पानावर माझी सगळी गिऱ्हाइकं.

12 जून

पहिली खरी कॉमेंट आज. प्रसंग तपशिलात नोंदवतो.

पुण्यातल्या एका कास्टिंग सोर्सिंग प्रमुखांनी लिहिलं होतं की पावसाळा आला की पुरवठादारांकडून पिनहोलचं रिजेक्शन वाढतं, तेव्हा वाळूतल्या ओलाव्यावर नियंत्रण ठेवा. खाली रांगेने "अगदी बरोबर सर", "मौल्यवान माहिती", टाळ्यांचे हात. लिंक्डइन अशा कॉमेंटची तयार बटणंच पुढे करतं, तेव्हा लोकांचा तरी काय दोष.

मला त्यांच्या म्हणण्यात एक तुकडा कमी वाटला. आमच्याकडे पावसाळ्यात वाळूचा ओलावा रोजच्या तपासणीत जागेवर असतो, तरी पिनहोल येतात, कारण बऱ्याचदा दोष कोअरमध्ये, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यात, असतो. कोल्ड बॉक्स कोअर हवेतली ओल धरतो. वर पाण्यातला वॉश, म्हणजे लेप, लावला असेल आणि तो ओव्हनमध्ये पुरता सुकला नसेल, तर गरम धातू आत आल्यावर त्या पाण्याची वाफ होते, वायू तयार होतो आणि कास्टिंगच्या कातडीखाली बारीक छिद्रं राहतात. मशीनिंगनंतरच ती दिसतात.

म्हणून कॉमेंट अशी लिहिली (इंग्रजीत, मतितार्थ इथे): "आमच्या अनुभवात आधी छिद्रं कुठे आहेत ते पाहावं लागतं. कोअरला लागून असलेल्या बाजूलाच जास्त असतील, तर वाळूचा ओलावा कमी करून फरक पडत नाही. आम्ही साठ्यातला एक कोअर वजन करून साधारण 110 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतो आणि पुन्हा वजन करतो. वजन घटलं तर ओल कोअरमध्येच आहे. छिद्रं साच्याच्या वरच्या अर्ध्यात सगळीकडे असतील, तर मात्र तुमचं म्हणणं लागू पडतं. तुमच्याकडे येणाऱ्या मालात ही विभागणी कशी दिसते?"

मर्यादा 1250 अक्षरांची आहे. मी तिच्या निम्म्यातच थांबलो. कॉमेंट लांबली की ती दुसऱ्याच्या अंगणात मांडलेली स्वतःची सभा होते.

13 जून

त्या साहेबांनी उत्तर दिलं. विभागणी नोंदवत नाहीत, पण पुढच्या महिन्यापासून रिजेक्शन शीटवर जागा लिहायला सांगणार म्हणाले. प्रोफाइल पाहणाऱ्यांमध्ये त्यांच्याच कंपनीचं एक नाव दिसलं, पद सप्लायर क्वालिटी.

फुकटच्या खात्यात शेवटची मोजकी नावंच दिसतात, त्यामुळे रोज रात्री पाहून वहीत टिपून ठेवतो. स्वतः गुप्तपणे प्रोफाइल पाहायची सोय चालू केली तर फुकटच्या खात्यात ही नावंही बंद होतात, म्हणून ती बंदच. मी कुणाचं प्रोफाइल पाहिलं हे त्यांना कळतं, कळू दे.

19 जून

काय लिहायचं नाही याची यादी प्लँट हेडसाहेबांना दाखवली. सकाळच्या मीटिंगनंतर त्यांनीच विचारलं होतं, "काय रे, तिकडे फारच दिसायला लागलास?" त्यांच्या फीडमध्ये माझी कॉमेंट गेली असणार. मी कुठे कॉमेंट करतो हे माझ्या ओळखीच्यांना दिसतं, आणि माझ्या प्रोफाइलच्या ॲक्टिव्हिटीत सगळं साठून राहतं. म्हणजे साहेब वाचणार हे धरूनच लिहायचं.

ग्राहकाचं नाव नाही, पार्टचं नाव किंवा ड्रॉइंग नाही, रिजेक्शनची टक्केवारी नाही, शॉपमधला फोटो नाही. ग्राहकांशी केलेल्या गोपनीयतेच्या करारात हे बसतंच. साहेब म्हणाले, "कारण आणि तपासणीची पद्धत लिही, ती पुस्तकातही आहे. आकडे आपले आहेत, ते घरात ठेव." या बंधनाचा फायदा असा की बढाई मारायची जागाच उरत नाही. टक्केवारी नाही, तर "रिजेक्शन निम्म्यावर आणलं" हे वाक्य लिहिताच येत नाही.

26 जून

या आठवड्यात एकच कॉमेंट. दुसरी लिहून खोडली. विषय होता यंत्रमानवांनी फेटलिंग, म्हणजे कास्टिंगची साफसफाई, करण्याचा, त्यातलं मला फक्त ऐकीव माहीत आहे.

2 जुलै

पहिली पोस्ट. विषय: नोड्युलॅरिटीचा, म्हणजे ग्रॅफाइटचे गोळे किती गोल झाले ते पाहण्याचा, नमुना कुठल्या साच्यातून घ्यावा.

ग्रॅफाइट गोल व्हावं म्हणून वितळलेल्या धातूत मॅग्नेशियम घालतात. ही ट्रीटमेंट झाली की लेडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, मॅग्नेशियम मिनिटागणिक कमी होत जातं. म्हणून ट्रीटमेंटनंतर ठरावीक वेळात सगळे साचे ओतून व्हावे लागतात. आमची मर्यादा दहा मिनिटांची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा नमुना लेडलच्या पहिल्या साच्यातून घेतला, तर गोळे छान गोल दिसतात. लाइन मध्येच थांबलेली असेल तर शेवटच्या साच्यात ते बिघडलेले असू शकतात, आणि तो माल नमुन्याच्या जोरावर पास होऊन जातो. शेवटच्या साच्यातून नमुना घेतला आणि तो पास झाला, तर आधीचे साचेही धरून चालता येतात.

पहिली ओळ सुचली होती ती अशी: "पहिल्या साच्याचा रिपोर्ट चांगला येतो, शेवटच्या साच्याचा खरा येतो." मोल्डिंगचे सुपरवायझर अण्णा यांना वाचून दाखवली. अण्णांना लिंक्डइन म्हणजे काय ते माहीत नाही, पण एसजी आयर्न त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. ते म्हणाले, "हे कॅलेंडरवर छापायला बरं आहे. मिनिटं किती ते सांग की." ओळ गेली. त्याऐवजी: "एसजी आयर्नमध्ये नोड्युलॅरिटीचा नमुना लेडलच्या शेवटच्या साच्यातून घ्यावा. कारण आणि आमची पद्धत खाली." फीडमध्ये "आणखी" दाबण्याआधी दोन-तीन ओळीच दिसतात, त्यात विषय आला पाहिजे. एवढ्यावरूनच ज्याला काम आहे तो पुढे वाचेल, ज्याला नाही तो जाईल.

अण्णांची परीक्षा आता कायमची. पोस्ट त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायची. त्यांच्यासमोर म्हणायला लाज वाटेल असं वाक्य असेल तर ते काढायचं. प्रत्येक ओळीनंतर रिकामी जागा सोडायची ती लिंक्डइनी चाल, शेवटी "तुम्हाला काय वाटतं?", ओळखीपाळखीच्या पंधरा जणांना टॅग करणं, हे सगळं या परीक्षेत आपोआप गळतं.

4 जुलै

पोस्टवर लाईक थोडेच, आणि त्यातले निम्मे कॉलेजच्या मित्रांचे. पण कोइम्बतूरच्या एका फाउंड्रीवाल्यांनी हरकत घेतली: मॅग्नेशियम कमी होण्याआधीच इनॉक्युलेशनचा, म्हणजे ग्रॅफाइट नीट बनावं म्हणून धातूत घातलेल्या मिश्रणाचा, परिणाम विरतो आणि पातळ भागांत कठीण कार्बाइड येतात, त्यामुळे फक्त नोड्युलॅरिटी पाहून चालणार नाही. हे बरोबर आहे. मी उत्तरात लिहिलं की आम्ही ओतताना धारेतही इनॉक्युलंट देतो, त्यामुळे तो प्रश्न आमच्याकडे कमी दिसतो, पण ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी शेवटच्या साच्याच्या पातळ भागाची कठीणताही तपासावी. त्यांनी प्रतिप्रश्न केला, आणखी दोघं त्यात आले.

मूळ पोस्टपेक्षा या संवादातून जास्त चांगली माणसं प्रोफाइलवर आली. पोस्टच्या ॲनालिटिक्समध्ये वाचणाऱ्यांची पदं आणि गावं दिसतात, त्यात पुणे आणि चेन्नई वर होते. मित्रांच्या लाईकपेक्षा हा रकाना पाहावा.

11 जुलै

पाऊस, भंगार ओलं, भट्टीवर धावपळ. लिंक्डइन बंद.

20 जुलै

ताईने फोनवर माझ्या प्रोफाइलवरची ॲक्टिव्हिटी उघडली आणि कॉमेंटचा भाग सलग वाचला. तिच्या कामात ती नेमकं हेच करते. उमेदवार आवडला की ती त्याने गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे काय लिहिलं ते पाहते, कारण बायोडेटा सजवता येतो, दुसऱ्याशी बोलण्याची रीत तितकी सजवता येत नाही.

तिचं निरीक्षण: एकाच साहेबांच्या पोस्टवर मी सलग आलो आहे. एक-एक कॉमेंट वेगळी वाचली तर चांगली आहे, पण ओळीने वाचली की मागे लागल्यासारखं दिसतं. "त्यांच्या टीममधल्या माणसाला ही चापलुसी वाटेल," ती म्हणाली. नियम ठरला: एकाच माणसाच्या पोस्टवर दोन आठवड्यांत एकदाच. त्याने किंवा तिने थेट विचारलं तर गोष्ट वेगळी.

दुसरं तिने विचारलं, "तू कुणाला प्रश्न विचारतोस का, का फक्त उत्तरंच देतोस?" कारण सतत उत्तरं देणारा माणूस मुलाखतीत त्रासदायक निघतो असा तिचा अनुभव आहे. यावर विचार केला. वाळूच्या थंड करण्याच्या यंत्रणेबद्दल मला खरंच शंका आहेत. परत येणारी वाळू पन्नास अंशांच्या आसपास असली की मिक्सरमध्ये घातलेलं पाणी उडून जातं, वाळू बांधणारी बेंटोनाइट माती नीट फुलत नाही, आणि तपासणीचा आकडा साच्यापर्यंत जाईतो बदललेला असतो. आमच्याकडे कूलर लहान आहे. एका यंत्रविक्रेत्याच्या तांत्रिक माणसाने कूलरवर लिहिलं होतं, तिथे हाच प्रश्न विचारला: कूलरमध्ये पाणी किती आधी घालावं, म्हणजे मिक्सरपर्यंत वाळू थंड आणि सारखी ओली पोचेल? त्याने सविस्तर उत्तर दिलं, आणि ते आम्ही लाइनवर करून पाहणार आहोत. दिखाऊपणाचा प्रश्नच आला नाही, मला उत्तर हवं होतं.

1 ऑगस्ट

दोन मीटर वेगवेगळे चालतात हे आता वहीतून दिसतंय. आठवड्याला शोधात किती वेळा आलो, हा आकडा हेडलाइन आणि पदनाम बदलल्यावर वाढला आणि तिथेच थांबला. कॉमेंटमुळे तो फारसा हलत नाही. प्रोफाइल पाहणाऱ्यांची संख्या मात्र कॉमेंट-पोस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळते आणि पुन्हा बसते. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. शोध हा शब्दांवर चालतो, भेट ही कुतूहलावर.

यातून बिघाड कुठे आहे तेही कळतं. शोधात येतोय पण कुणी उघडत नाही, तर हेडलाइन किंवा फोटो कच्चा. लोक उघडतात पण ते विद्यार्थी आणि मशीन विकणारे, तर मी चुकीच्या पोस्टखाली लिहितोय. योग्य पदांची माणसं येतात आणि निरोप न ठेवता जातात, तर आत आल्यावर त्यांना काही सापडत नाही. माझ्याकडे सध्या हे तिसरं आहे. "अबाउट" मध्ये अजून कॉलेजातलं ध्येयवाक्य पडलेलं होतं.

ते काढून लिहिलं: कुठल्या वजनाच्या कास्टिंगवर काम केलं, कुठली तपासणी स्वतः करतो, कुठल्या दोषांची मुळापासून कारणमीमांसा केली (ग्राहकांची नावं न घेता), आणि शेवटी एक ओळ: पुणे परिसरात कास्टिंग डेव्हलपमेंट किंवा सप्लायर क्वालिटीच्या कामाबद्दल बोलायला आवडेल. ही ओळ साहेब वाचतील का, यावर दोन दिवस घालवले. मग साहेबांनाच सांगितलं की वर्षभरात पुण्याला जायचा विचार आहे, आईचे उपचार तिकडे चालू आहेत. त्यांना धक्का बसला नाही. प्रत्येकाच्या साहेबांबाबत हे चालेल असं नाही. जिथे नोकरीवर गदा येईल तिथे ती ओळ गाळावी आणि भरतीवाल्यांना दिसणाऱ्या खुणेवर भागवावं.

9 ऑगस्ट

एका ओळखीच्याने व्हॉट्सॲप गटाचं आमंत्रण दिलं: सगळ्यांनी एकमेकांच्या पोस्टवर पहिल्या तासात कॉमेंट टाकायच्या. नाही म्हटलं. त्या गटात विमा एजंट, योगशिक्षक आणि दोन स्टार्टअपवाले आहेत. माझ्या पिनहोलखाली त्यांचं "अप्रतिम मांडणी" पाहून सोर्सिंगवाला काय समजेल ते मी समजू शकतो. कुणी तर कॉमेंट आपोआप टाकणारं साधन सुचवलं. अशी स्वयंचलित साधनं लिंक्डइनच्या अटींमध्येच मना आहेत, खातं अडकू शकतं.

23 ऑगस्ट

दुसरी पोस्ट. कोअरची साठवण: पावसाळ्यात कोअर किती दिवस ठेवावेत, आधी केलेला आधी वापरला जाईल यासाठी रॅकवर तारखेची पाटी कशी लावली, आणि ठेवलेल्या कोअरची खरवड-कठीणता रोज तपासली तर ती कधी घसरायला लागते ते कसं दिसतं. यात नवीन शोध काहीच नाही. म्हणून पोस्टमध्ये तसा आवही आणला नाही. शेवटी लिहिलं की एसी असलेल्या कोअर स्टोअरला हे लागू नाही.

अण्णांनी ऐकून एकच सुधारणा सुचवली. पाटी आमच्या कोअर शॉपमधल्या बायकांनी सुरू केली होती, क्वालिटीने नव्हे. तसं लिहिलं. त्यांना विचारून, नावं न टाकता.

30 ऑगस्ट

गणपतीच्या गडबडीत मेसेज उशिरा पाहिला. पुण्यातल्या एका ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या सप्लायर क्वालिटी मॅनेजरचा: "तुमची जूनमधली कोअरच्या वजनाची कॉमेंट आम्ही पुरवठादारांच्या चेकलिस्टमध्ये घेतली आहे. कोअर साठवणुकीवर बोलायचं होतं." जून! त्या कॉमेंटवर तेव्हा त्यांनी लाईकसुद्धा केलं नव्हतं. वहीत पाहिलं तर जुलैत त्यांच्या कंपनीचं नाव प्रोफाइल पाहणाऱ्यांत आहे.

फोन झाला. बोलणं कोअरवरच, अर्धा तास. नोकरीचा विषय त्यांनी शेवटी काढला, त्यांच्याकडे डिसेंबरनंतर एक जागा होईल. बायोडेटा पाठवला.

6 सप्टेंबर

पुढच्या तिमाहीसाठी बदल. यादीतले जे गेल्या तीन महिन्यांत एकदाही लिहीत नाहीत ते काढून त्यांच्या जागी ब्रेक आणि हब बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक घालायचे. कॉमेंट आठवड्याला दोनच. पाऊस ओसरला की पिनहोलचा विषय थंडावेल, मग कोरड्या हवेत वाळूचा ओलावा लाइनवर पोचेपर्यंत किती उडतो यावर मोजमाप करून एक पोस्ट, पण आधी अण्णांना मोजमाप पटलं पाहिजे. कूलरच्या प्रयोगाचा निकाल त्या तांत्रिक माणसाच्या जुन्या पोस्टखालीच, त्याला उत्तर म्हणून कळवायचा आहे. सोमवारी पहिल्या शिफ्टला थर्मामीटर घेऊन जायचं.